आधी भीती आली, मग माणसं

"मॅडम, आमच्या दोन्ही घराण्यांत कुणाला कधी वेड लागलेलं नाही. पोरगा शुक्रवारी ऑफिसला गेला तेव्हा ठणठणीत होता. सोमवारी म्हणायला लागला, पोलीस मागावर आहेत, घरात कॅमेरे आहेत. एमडीची नशा करतो हे आम्हाला नंतर कळलं. पण दोन-तीन दिवसांच्या पावडरीने एवढं होतं का? की त्याच्या आतच आधीपासून काही होतं?"

आत काहीही नसताना होऊ शकतं. ठाणे शहरात समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणारे आईवडील हा प्रश्न इतक्यांदा विचारतात की एका मुलाची गोष्टच सांगते. नाव आणि तपशील अर्थातच बदललेले आहेत. त्याला निखिल म्हणू. वय पंचविशीतलं, घर वर्तकनगरला, नोकरी ऐरोलीला.

सोमवारी सकाळी त्याने बाथरूमच्या एक्झॉस्ट फॅनवर खाकी चिकटपट्टीचे थर चढवले, घरातले सगळे मोबाईल बंद करून तांदळाच्या डब्यात खुपसले आणि आईला हळू आवाजात बोलायला लावलं. पंख्याच्या घरघरीत त्याला स्वतःचं नाव ऐकू येत होतं. मात्र आज वार कुठला, आपण कुठे आहोत, समोर कोण आहे, हे त्याला अचूक सांगता येत होतं. उत्तेजक नशेतून आलेल्या भ्रमाची ही ओळख लक्षात ठेवा: माणूस शुद्धीवर असतो, फक्त त्याचे अर्थ बिघडलेले असतात. वार-ठिकाणच कळेनासं झालं, अंग तापलं, छातीत दुखलं किंवा झटका आला, तर प्रकरण वेगळं आणि जिवावरचं. तेव्हा समुपदेशक शोधत बसू नये, थेट कॅज्युअल्टी गाठावी.

वडिलांनी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, झोप लागली, आठवड्याभरात आवाज थांबले. लघवीच्या तपासणीत काहीच सापडलं नाही, म्हणून घरच्यांना क्षणभर वाटलं की पोरगा नशेबद्दल खोटं बोलतोय आणि हा खरा आजारच आहे. पण नेहमीच्या पट्टीवरच्या चाचणीत एमडी, म्हणजे मेफेड्रोन, बऱ्याचदा पकडलंच जात नाही. निगेटिव्ह रिपोर्टवरून कुठलाच निष्कर्ष काढू नये.

माझ्याकडे आला तेव्हा निखिल निम्मा सावरला होता. "कॅमेरे नव्हते, ठीक आहे. पण बाईकवाला खरा होता," हे त्याचं पालुपद.

मी शंकेशी वाद घालत नाही. ती कधी जन्मली ते शोधते. मोठा कागद घेऊन शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ असे तास लिहिले आणि दोन रकाने पाडले: शरीरात काय चाललं होतं, मनात काय आलं. भरायचं त्यानेच.

शुक्रवारी रात्री अकराला घणसोलीत मित्राच्या रूमवर पहिली ओळ. नाकाने ओढलेलं एमडी काही मिनिटांत चढतं आणि तास-दोन तासांत उतरू लागतं. उतरताना जीव इतका कासावीस होतो की लगेच पुढची ओळ मारली जाते. एकाच रात्रीचा बेत असलेलं प्रकरण तीन रात्रींचं होतं ते यामुळेच. शनिवारी झोप नाही, जेवण नाही, तरी मजेत. रविवारी दुपारी चार: दात करकर, हाताला घाम, छातीत धडधड. संध्याकाळी मनाच्या रकान्यात त्याने लिहिलं, "सगळंच खास वाटतंय. काहीतरी होणार आहे." रात्री तीन: गल्लीत एक बाईकवाला थांबला.

इथे त्याचं पेन थांबलं. बराच वेळ तो एका रकान्यातून दुसऱ्यात बघत राहिला.

"मॅडम, धडधड चारला सुरू झाली. बाईकवाला आला तीनला. म्हणजे आधी भीती आली, मग माणसं?"

हे मी सांगितलं असतं तर त्याने मान डोलावून सोडून दिलं असतं. त्याच्या हाताने, त्याच्या अक्षरात कागदावर आलं म्हणून ते टिकलं. माझ्या कामातले असे क्षण मी जपून ठेवते.

खरंच, क्रम असाच असतो. एखादी गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे, हे मेंदू डोपामिन नावाचं रसायन स्रवून ठरवतो. एमडी, मेथ, कोकेन हेच काम बाहेरून करतात: कारण असो-नसो, डोपामिन वाढतच राहतं. मग परीक्षेच्या पुस्तकात पानभर हायलायटर फिरवावा तसं होतं. बाईक, खोकला, फोनचा दिवा, सगळं एकसारखं ठळक. त्यातच नशेने शरीर सावध अवस्थेत ढकललेलं असतं. नाडी धावते, पण धोका दिसत नाही. मन असं अधांतरी फार वेळ राहू शकत नाही, ते धोका शोधून काढतं. मनोविकारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी २००३ मध्ये मनोविकारांतल्या भ्रमाची उकल साधारण अशीच केली होती. मला ती आजही सर्वांत पटते, कारण तिच्यात रुग्ण मूर्ख ठरत नाही. बिघडलेल्या माहितीवरून तो प्रामाणिकपणे तर्क करत असतो. आणि ते पोलीसच का? कारण खिशात पुडी असते. भीतीला कथा हाताशी असलेल्या गोष्टींतूनच मिळते.

जागरण यात भर घालतं, पण सगळा दोष जागरणाचा नाही. लंडनमध्ये मनोविकारतज्ज्ञ फिलिप कॉनेल यांनी १९५८ मध्ये अँफेटामिन हे उत्तेजक घेणाऱ्यांमधला असाच भ्रम सविस्तर नोंदवला. पुढे अमेरिकेत, आधी अँफेटामिन वापरलेल्या पण मनोविकार नसलेल्या स्वयंसेवकांना रुग्णालयात ठेवून ते थोडं थोडं, तासातासाने दिलं गेलं. बहुतेकांना एक ते पाच दिवसांत संशयाने घेरलं. घराण्यात आजार असेल तर धोका वाढतो हे खरं, पण नसला म्हणजे अभय मिळालं असं नाही.

घरच्यांनी अशा वेळी काय बोलावं? निखिलचे वडील "दाखव कुठे आहे कॅमेरा" म्हणत भांडले, आई घाबरून "हो रे, असेल" म्हणाली. दोन्हीने भ्रम घट्ट झाला. "तू घाबरला आहेस ते दिसतंय, मी इथे बसते" एवढं पुरे. खोलीतला उजेड आणि माणसं कमी करा, पाणी द्या, घेरून उभे राहू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

नशा थांबली की बहुतेकांचा भ्रम काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत ओसरतो. महिना उलटूनही राहिला तर डॉक्टर स्किझोफ्रेनियासारख्या आजाराचा नव्याने विचार करतात. त्याची सुरुवातही याच वयात होते, आणि नशेतून भ्रम झालेल्यांपैकी साधारण चौथ्या हिश्शात पुढे तसं निदान होतं. म्हणून बरं वाटलं तरी गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत, तपासणी चुकवायची नाही.

काही महिन्यांनी मित्राच्या लग्नाआधी निखिलने विचारलं, "एकच ओळ घेतली तर? झोपेन वेळेवर." मी त्याला तोच कागद पुन्हा काढायला सांगितला. पहिल्या वेळी भ्रम यायला दोन रात्री लागल्या होत्या. एकदा असं झालेला मेंदू पुढच्या वेळी कमी मात्रेत आणि लवकर तिथे पोहोचतो. जपानमधल्या मेथ घेणाऱ्यांमध्ये हे वर्षानुवर्षं पाहिलं गेलंय. काहींना तर नशेविना, नुसत्या जागरणाने किंवा ताणाने पुन्हा झालं. त्याने लग्नाला जाऊन रात्री दहाच्या आत घर गाठायचं ठरवलं आणि तसं केलंही.

बरेच आईवडील पोलिसांच्या भीतीने उपचारच टाळतात. अंमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ मध्ये, स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातल्या खटल्यापासून संरक्षण आहे. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेतलं जाऊ शकतं. व्यसनासाठी १४४४६ आणि मानसिक त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६, दोन्हीवर फोन करता येतो.