प्रॉडक्ट की सर्व्हिस? आधी विचार, तू लिहिलेला कोड लाइव्ह कोण करतं

प्रश्न: दोन ऑफर आहेत. एक मोठी सर्व्हिस कंपनी, आधी ट्रेनिंग आणि मग प्रोजेक्ट देतील म्हणतात. दुसरी छोटी प्रॉडक्ट कंपनी, पगार थोडा जास्त, इंजिनिअर सगळे मिळून तीसेक असतील. मला बॅकएंडमध्येच राहायचंय. सगळे डोळे झाकून प्रॉडक्ट घे म्हणतात. काय करू?

उत्तर:

डोळे उघडे ठेवूनच घे, कारण या दोन नावांखाली इतकी वेगवेगळी कामं चालतात की नुसत्या शिक्क्यावरून काही कळत नाही. शिक्का का पडतो ते मात्र आधी समजून घे, पुढचं सगळं त्यावर आहे.

सर्व्हिस कंपनी माणसांचा वेळ विकते. क्लायंटबरोबरचा करार ढोबळमानाने दोन प्रकारचा असतो. एक टाइम अँड मटेरियल, म्हणजे जेवढी माणसं जेवढे तास बसली तेवढं बिल. दुसरा फिक्स्ड प्राइस, म्हणजे ठरलेलं काम ठरलेल्या पैशात. पहिल्यात कंपनीचा फायदा खुर्च्या भरलेल्या असण्यात, दुसऱ्यात काम लवकर संपवून माणसं मोकळी करण्यात. नवीन माणसाचा पगार कमी आणि टीम म्हणून तो क्लायंटला विकता येतो, म्हणून प्रत्येक टीममध्ये खाली फ्रेशर भरपूर, वर जुने दोन-तीन असा पिरॅमिड असतो. तुला बॅकएंड आवडतं की टेस्टिंग हा प्रश्न त्या हिशोबात येतच नाही, ट्रेनिंग संपलं त्या आठवड्यात जिथे जागा रिकामी असेल तिथे तू जाणार. यात कुणाचा दुष्टपणा नाहीये, धंदाच तसा आहे.

प्रॉडक्ट कंपनी एकच गोष्ट बनवते आणि ती पुन्हा पुन्हा विकते. आज लिहिलेला कोड पुढची कित्येक वर्षं त्यांच्याच गळ्यात, त्यामुळे तो बिघडला की दुरुस्त करायलाही त्यांनाच बसावं लागतं. निदान कागदावर तरी.

आता हे तुझ्या शिकण्यावर कसं उतरतं ते एका कामावरून सांगतो, नाहीतर सगळं हवेतच राहील. समज पेमेंट गेटवे तुमच्या सर्व्हरला कळवतो की अमुक ऑर्डरचे पैसे आले. तुमचं उत्तर वेळेत गेलं नाही तर तो तोच मेसेज पुन्हा पाठवतो, म्हणजे एकच इव्हेंट दोनदा येऊ शकतो. तुला टिकेट मिळतं: डुप्लिकेट इव्हेंट एकदाच प्रोसेस व्हायला हवा. पोस्टग्रेस असेल तर उत्तर साधारण असं:

```
CREATE UNIQUE INDEX ux_event ON payment_event (event_id);

INSERT INTO payment_event (event_id, order_id)
VALUES ($1, $2)
ON CONFLICT (event_id) DO NOTHING;
```

रो नवीन पडली तर ऑर्डर पेड करायची, नाही पडली तर आधीच झालंय समजून सोडून द्यायचं. कोड बरोबर आहे, तुझ्या लॅपटॉपवर चालतो, टेस्टरने एकच मेसेज दोनदा पाठवून बघितला, पास.

ज्या सर्व्हिस प्रोजेक्टमध्ये डिप्लॉयमेंट क्लायंटची टीम करते तिथे तुझं काम इथे संपलं. साइन-ऑफ झाला, टिकेट बंद, पुढचं टिकेट. प्रोडक्शनचा ॲक्सेस तुला नसतो, बऱ्याचदा लॉगसुद्धा दिसत नाहीत.

आणि खरी गंमत तर यानंतर सुरू होते. खऱ्या टेबलात कोट्यवधी रो आहेत, आणि साधा `CREATE UNIQUE INDEX` चालला की तो संपेपर्यंत त्या टेबलावरचं लिखाण थांबतं, म्हणजे तेवढा वेळ पेमेंटची नोंदच होत नाही. म्हणून `CREATE UNIQUE INDEX CONCURRENTLY` वापरायचं, ते लिखाण थांबवत नाही. पण टेबलात जुने डुप्लिकेट आधीच पडलेले असणार (त्यासाठीच तर टिकेट आलं होतं), मग ते फेल होतं आणि मागे एक `INVALID` इंडेक्स सोडून जातं, जो शोधून आधी `DROP` करावा लागतो. म्हणजे जुने डुप्लिकेट साफ करायचे, आणि त्यातली कुठली रो ठेवायची हे अकाउंट्सवाल्यांना विचारून ठरवायचं. शिवाय क्रम सांभाळायचा, कारण नवा कोड आधी गेला आणि इंडेक्स नसेल तर `ON CONFLICT` ची ती क्वेरी सरळ एरर देते. हे सगळं जमलं आणि मग काही आठवड्यांनी सपोर्टकडून तक्रार येते की पैसे कापले गेले पण ऑर्डर पेंडिंगच. शोधलं तर कळतं की इव्हेंटची नोंद आणि ऑर्डर पेड करणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये नव्हतं, मधेच प्रोसेस मेली, गेटवेने मेसेज पुन्हा पाठवला तेव्हा आपल्या कोडने डुप्लिकेट म्हणून तो टाकून दिला.

म्हणजे टिकेटमध्ये लिहिलेलं काम एक दिवसाचं, आणि त्यातून शिकायचं जे होतं ते सगळं साइन-ऑफनंतरचं. जो माणूस ते पुढचे आठवडे बघतो त्याला पुढच्या वेळी टिकेट वाचतानाच ट्रान्झॅक्शन, मायग्रेशन, क्रम या गोष्टी दिसायला लागतात. दुसऱ्याला त्याच्या कोडचं पुढे काय झालं हेच कधी कळत नाही, मग तो तीन वर्षांनीही तसंच लिहीत असतो, आणि त्यात त्याच्या हुशारीचा काही संबंध नसतो. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांसाठी मी याच एका गोष्टीला सगळ्यात जास्त वजन देईन.

पण हे शिक्क्यावरून ठरत नाही बरं का. अशा सर्व्हिस टीम आहेत ज्या एकाच क्लायंटचा एकच मोड्यूल वर्षानुवर्षं सांभाळतात, रिलीज त्याच करतात, रात्री अलर्ट आला तर फोन त्यांनाच जातो, त्यातल्या पोरांचं काम प्रॉडक्टवाल्यांसारखंच असतं. उलट प्रॉडक्ट म्हणवणाऱ्या काही कंपन्यांत प्रत्येक मोठ्या कस्टमरसाठी कोडची वेगळी ब्रँच असते, सेल्सवाल्याने मीटिंगमध्ये जे कबूल केलं ते पुढच्या महिन्यात घुसडायचं, आणि एकाच बगचा फिक्स पाच ब्रँचमध्ये हाताने न्यायचा. ती मुळात सर्व्हिस कंपनीच, फक्त वेबसाइट चकचकीत. नवीन माणूस तिथे बहुतेक वेळ मर्ज कॉन्फ्लिक्ट सोडवण्यात घालवतो.

म्हणून तुझ्या छोट्या कंपनीला हे सरळ विचार: सगळे कस्टमर एकाच कोडवर चालतात का? शेवटचा रिलीज कधी गेला आणि तो कुणी केला? माझा कोड रिव्ह्यू कोण करणार, आणि तो माणूस इथे किती काळ आहे? शेवटच्या प्रश्नाकडे नीट लक्ष दे. तीस इंजिनिअरच्या कंपनीत तुझ्या टीममध्ये चार-पाच जण असतील, त्यात एकही मुरलेला माणूस नसेल तर वरचं पेमेंटचं प्रकरण तुझ्यावर आदळेल पण समजावून सांगायला कुणी नसेल. रात्रीचे अलर्ट मिळणं चांगलं, पण एकट्याने नाही. पहिल्याच महिन्यात ऑन-कॉलला लावतात असं कळलं तर सोबत कोण असतं ते विचार. शक्य असेल तर मॅनेजरशी बोलून झाल्यावर टीममधल्या सगळ्यात ज्युनिअर पोराशी दहा मिनिटं बोलायला माग, मागच्या महिन्यात काय केलं एवढंच त्याला विचार. त्याला ठोस काही सांगता आलं नाही तर ते मॅनेजरच्या पाऊण तासाच्या गप्पांपेक्षा जास्त सांगून जातं.

सर्व्हिस कंपनीला विचारायचं वेगळं: ट्रेनिंगचा स्ट्रीम कोण ठरवतं? ॲलोकेशन होताना माझं मत घेतात का, आणि सपोर्ट किंवा टेस्टिंगला टाकलं तर बदली किती दिवसांनी मागता येते? एचआरला बहुतेक खरंच माहीत नसतं, कारण त्या आठवड्यात कुठे माणूस लागेल हे आज कुणालाच माहीत नाही. "बिझनेस रिक्वायरमेंटनुसार" असं उत्तर आलं तर ते अगदी प्रामाणिक उत्तर आहे असं समज. याचाच अर्थ बॅकएंडची खात्री नाही.

सर्व्हिसच्या बाजूने एक गोष्ट मात्र लोक विसरतात, ती म्हणजे बेंच. प्रोजेक्ट संपला तरी काही काळ पगार चालू राहतो, आणि तेवढ्यात दुसरीकडे जागा शोधली जाते. बेंच लांबला तर तिथेही नारळ मिळतो, पण निदान मधे उसंत असते. छोट्या प्रॉडक्ट कंपनीत पैसे संपले किंवा ते प्रॉडक्ट बंद करायचं ठरलं तर ती टीमच जाते. त्यामुळे तिथे हेही विचार की कंपनी कस्टमरच्या पैशावर चालते की गुंतवणूकदारांच्या, आणि दुसरं असेल तर हातातले पैसे किती महिने पुरतील. विचारायला लाजू नको, बरे लोक सांगतात. घरची जबाबदारी तुझ्यावर असेल आणि दोन महिने बिनपगारी झेपणार नसतील तर हा मुद्दा शिकण्याच्याही वर जातो.

पगाराचं थोडक्यात. जास्तीच्या आकड्यात जॉइनिंग बोनस आहे का बघ, तो बहुधा ठरावीक मुदतीआधी सोडलं तर परत द्यावा लागतो. स्टॉक ऑप्शन असतील तर साधारणपणे वर्ष भरेपर्यंत काहीच हाती लागत नाही, आणि कंपनी लिस्टेड नसेल तर हिशोबात ते शून्य धर. दोन्हीकडचा बॉण्ड आणि नोटीस पीरियड स्वतः वाच.

तू बॅकएंड म्हणतोयस म्हणून माझं मत: छोट्या कंपनीत कोड एकच असेल, रिव्ह्यू करणारा मुरलेला माणूस असेल आणि वर्षभराचे पैसे दिसत असतील तर तिकडे जा. यातलं एखादं उत्तर गोलमाल वाटलं तर पुन्हा विचार. रिव्ह्यूवालाच नसेल तर मी मोठी कंपनी घेईन, कारण तिथे निदान ट्रेनिंग आणि वरचे लोक असतात, एस्टिमेट देणं, क्लायंटकडून नेमकं काय हवंय ते काढून घेणं हेही शिकायला मिळतं.

आणि सर्व्हिसमध्ये गेलासच तर पहिल्याच महिन्यात शोधून काढ की तुमच्या मोड्यूलचे प्रोडक्शनमधले बग कोण बघतं. बहुतेक ठिकाणी एल-थ्री सपोर्ट नावाची एक छोटी टीम असते, लोक तिथे जायला नाक मुरडतात, म्हणून जागा मागितली की सहज मिळते. लॉग तिथे दिसतात, डेटाबेसचा रीड ॲक्सेस मिळतो, आणि पेमेंटच्या उदाहरणातली शेवटची तक्रार तिथेच येऊन पडते. फक्त मागण्याआधी बघून घे की ती टीम कोडमध्ये फिक्स करते की नुसतं टिकेट पुढे ढकलते, ढकलणारी असेल तर नको जाऊस.