टक्केवारी जुळली म्हणजे आकडा बरोबर, असं नसतं

प्रश्न: "बिझनेस डेस्कवर नवीन आहे. तिमाही निकालांच्या बातमीत टक्केवारी दोनदा काढून तपासली होती, तरी लाखाचे कोटी होऊन छापलं गेलं. आकडे, टक्के, चलन आणि एककं तपासायची तुमची यादी कोणी सांगेल का?"

टक्केवारी दहादा काढली असती तरी ही चूक सापडली नसती. यंदाचा आकडा आणि गेल्या वर्षीचा आकडा एकाच तक्त्यातून घेतले की दोन्ही लाखांत असोत वा कोटींत, भागाकार तोच येतो. नफ्याचं प्रमाण, वाढ, घट, सगळं नीट जुळतं आणि बातमी शंभरपट चुकलेली असते. म्हणून माझी यादी टक्क्यांपासून सुरू होत नाही. ती तक्त्याच्या डोक्यावरच्या बारीक अक्षरांपासून सुरू होते.

बेरीज-वजाबाकी, शून्यं मोजणं वगैरे तुम्ही करत असालच, ते सोडून देतो. एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते आहेत. निकालाच्या तक्त्यात यंदाच्या तिमाहीचा महसूल ४८,२१५.६०, आधीच्या तिमाहीचा ४९,८७०.१० आणि गेल्या वर्षीच्या याच तिमाहीचा ४१,९०६.३५ आहे. करोत्तर नफा यंदा ३,१३५.२०, गेल्या वर्षी २,०९५.३०. उजव्या कोपऱ्यात लहान टायपात 'रुपये लाखांत' लिहिलेलं आहे. म्हणजे महसूल ४८२.१६ कोटी आणि नफा ३१.३५ कोटी रुपये. ती ओळ सुटली की छोटी कंपनी एका रात्रीत ४८ हजार कोटींची होते.

ही चूक पकडायला तक्त्याबाहेरचा आधार लागतो. तक्त्यात प्रति समभाग उत्पन्न असतं आणि ते जवळपास नेहमी रुपयांत दिलेलं असतं, वरची 'लाखांत' ही ओळ त्याला लागू नसते. आपल्या उदाहरणात ते १५.६८ रुपये आहे. आता समभाग किती, हे बघायचं. इथे बरेच जण त्याच तक्त्यातलं भरणा भागभांडवल घेतात, त्याला दर्शनी मूल्याने भागतात आणि समाधान मानतात. त्याचा उपयोग नाही, कारण भागभांडवलही त्याच लाखांत आहे. २,००० भागिले १० म्हणजे २००, आणि ३,१३५.२० भागिले २०० म्हणजे १५.६८. एकक काहीही समजा, उत्तर हेच. समभागांची संख्या शेअर बाजाराकडे दर तिमाहीला जाणाऱ्या भागधारणेच्या तक्त्यातून घ्या, तिथे ती पूर्ण आकड्यात असते: २,००,००,०००. दोन कोटी गुणिले १५.६८ म्हणजे ३१.३६ कोटी रुपये. एक लाखाचा फरक पूर्णांकनाचा. नफा कोटींतच आहे, हजारो कोटींत नाही, हे एका गुणाकारात कळलं.

दोन ठिकाणी हा ताळा सरळ जुळत नाही. मधल्या काळात बोनस किंवा समभाग विभाजन झालं असेल तर संख्या बदललेली असते. एकत्रित निकालात उपकंपन्यांमधल्या बाहेरच्या भागधारकांचा वाटा वगळून उरलेल्या नफ्यावर प्रति समभाग उत्पन्न काढतात. पण त्याने येणारा फरक शंभरपट नसतो. आपल्याला शून्यं पकडायची आहेत, पैसे नव्हेत.

आता प्रेस नोटबद्दल, आणि इथे मला राग येतो. एका कंपनीच्या प्रसिद्धी कार्यालयाची पद्धत अशी होती की प्रेस नोट कोटींत, सोबतचा तक्ता लाखांत, आणि विभागवार तक्ता दशलक्षांत. फोन केला तर उत्तर एकच, "जे दिलंय तेच घ्या." त्याहून वाईट म्हणजे चूक लक्षात आली की त्याच फाइलनावाने, त्याच तारखेने दुरुस्त नोट पाठवायची आणि कुठेही 'सुधारित' लिहायचं नाही. दुसऱ्या दिवशी छापील अंक आणि त्यांची वेबसाइट वेगळं बोलतात आणि खुलासा आपल्याला छापावा लागतो. त्यामुळे माझं ठाम मत: बातमीतले आकडे शेअर बाजाराकडे दाखल झालेल्या तक्त्यातून घ्यावेत, प्रेस नोटमधून फक्त अवतरणं. मेलने आलेली मूळ फाइल मिळाल्याच्या वेळेसह जपून ठेवा. तुमच्या डेस्कचा नियम वेगळा असेल तर अर्थातच तो पाळा.

एकक पक्कं झालं की मगच टक्के, आणि तिथे पहिला प्रश्न पायाचा. वरच्या उदाहरणात महसूल ६,३०९.२५ लाखांनी वाढला. गेल्या वर्षीच्या आकड्याने भागलं तर १५.०६ टक्के. घाईत यंदाच्या आकड्याने भागलं तर १३.०९. दोन्ही खरे वाटतात, म्हणूनच हे धोक्याचं. भाजक नेहमी जुना आकडा. दुसरी गफलत तुलनेच्या तिमाहीची: आधीच्या तिमाहीशी तुलना केली तर याच कंपनीचा महसूल ३.३२ टक्के घटला आहे. प्रेस नोट सोयीची तुलना निवडते. बातमीत 'वार्षिक तुलनेत' किंवा 'आधीच्या तिमाहीच्या तुलनेत' हे शब्द नसतील तर वाक्य पुढे सोडू नका. आणि महसूल एकत्रित निकालातला, नफा स्वतंत्र निकालातला, अशी सरमिसळ झालेली नाही ना, हेही त्याच वेळी बघा.

मग टक्के आणि टक्केबिंदू. नफ्याचं प्रमाण ५ टक्क्यांवरून ६.५ टक्के झालं. ही वाढ १.५ टक्केबिंदूंची आहे, आणि टक्क्यांत मोजली तर ३० टक्क्यांची. 'नफ्याचं प्रमाण दीड टक्क्याने वाढलं' असं लिहिलं तर बोलण्यात खपतं, पण शेजारीच 'नफा ४९.६३ टक्क्यांनी वाढला' असेल तर वाचकाची फसगत होते, कारण दोन टक्के दोन वेगळ्या अर्थांचे आहेत. सगळ्यात सुरक्षित म्हणजे दोन्ही टोकं लिहायची: '५ वरून ६.५ टक्के'. व्याजदरांनाही हेच. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्के केला, ती कपात पाव टक्केबिंदूची, म्हणजे २५ बेसिस पॉइंटची. एक बेसिस पॉइंट म्हणजे टक्केबिंदूचा शंभरावा भाग. '२५ टक्के कपात' असं मथळ्यात आलं तर अनर्थ.

तोट्यातून नफ्यात आलेल्या कंपनीला टक्केवारी लावूच नका. ८ कोटींच्या तोट्यावरून १२ कोटींचा नफा, याचं गणित यंत्र काहीतरी उत्तर देईल, पण त्याला अर्थ नाही. सरळ दोन्ही आकडे लिहा. तक्त्यात तोटा कंसात असतो आणि कॉपी-पेस्ट करताना कंस गळून पडतात. कंस गळला की तोटा नफा होतो. म्हणून पेस्ट केलेल्या प्रत्येक आकड्याचं चिन्ह मूळ पानावर पुन्हा बघायचं. ३०० टक्के वाढ म्हणजे चौपट, तिप्पट नव्हे, आणि नफा असलेल्या कंपनीचा नफा '१२० टक्क्यांनी घटला' असेल तर ती तोट्यात गेलेली आहे. ते तसं लिहायला हवं.

परदेशी वृत्तसंस्थेची कॉपी आली की एककाचं आणि चलनाचं रूपांतर एका दमात करू नका. आधी संख्या, मग चलन. मिलियनला १० ने गुणलं की लाख, बिलियनला १०० ने गुणलं की कोटी, ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. २.४ बिलियन डॉलर म्हणजे २४० कोटी डॉलर, हे कागदावर लिहून घ्या. मग दर समजा ८५ रुपये, तर २०,४०० कोटी रुपये. सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक इथे '२४ कोटी डॉलर' ही आहे, कारण दशांशचिन्ह एकच घर सरकवलं जातं. त्या दिवशीच्या दराने एक अब्ज डॉलर किती कोटी रुपये होतात, एवढा एकच आकडा डोळ्यांसमोर चिकटवून ठेवा, ढोबळ चूक लगेच खटकेल. डॉलर कोणता तेही बघा: अमेरिकी, ऑस्ट्रेलियन, कॅनडाचा, सिंगापूरचा, हाँगकाँगचा. मूळ कॉपीत 'सुमारे' असेल तर रूपांतरानंतर '२०,३९७.४२ कोटी' असं लिहू नका. मुळात नसलेला नेमकेपणा ही चूकच आहे. तीन वर्षांपूर्वीच्या व्यवहाराला आजचा दर लावणंही चूक.

आणि टक्केवारी मूळ चलनातच काढा. डॉलरमधला महसूल ४ टक्के वाढला आणि त्याच काळात डॉलर रुपयात ३ टक्के महागला, तर रुपयातली वाढ ७.१ टक्के दिसेल. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या निकालांत म्हणूनच 'स्थिर चलनातली वाढ' वेगळी देतात. बातमीत कोणती घेतली ते लिहायचं.

मालाच्या एककांत मला दोनच गोष्टी सतत चुकलेल्या दिसतात. कापसाची गाठ भारतात १७० किलोची धरतात, अमेरिकेची ४८० पौंडांची, म्हणजे साधारण २१८ किलोची. दोन देशांच्या गाठी शेजारी ठेवून तुलना केली तर ती फसवी ठरते, आधी टनांत आणा. दुसरी विजेची: मेगावॉट ही क्षमता आहे, मेगावॉट-तास ही तयार झालेली वीज. '५० मेगावॉट वीज विकली' या वाक्याला 'किती तास?' हा प्रश्न उभा राहतो. बॅटरी साठवणुकीच्या बातम्यांत दोन्ही आकडे लागतात, एक गाळला तर प्रकल्पाचा आकार कळतच नाही.

शेवटचा हात मथळा, चौकट आणि आलेखावर फिरवा, तेही मजकूर पूर्ण दुरुस्त झाल्यावर. मजकुरात लाखाचे कोटी नीट केले जातात आणि आलेखाच्या उभ्या अक्षावरची 'कोटी रुपये' ही पाटी कोणी बदलत नाही, कारण आलेख दुसऱ्याच टेबलावरून आलेला असतो. पान लावणाऱ्याला फोन करून ती पाटी वाचून दाखवायला सांगा.