विचरण गुणांक, चलन गुणांक आणि ‘सरासरीच्या मानाने’

प्रश्न : ‘कॉलेजच्या प्रकल्पासाठी मुलींची उंची सेंटिमीटरमध्ये आणि वजन किलोमध्ये मोजलं. उंचीचं प्रमाण विचलन जास्त आलं, म्हणून “मुलींच्या उंचीत वजनापेक्षा जास्त फरक आढळतो” असं लिहिलं. सरांनी वाक्य खोडून “विचरण गुणांक काढा” असा शेरा दिला. एका पुस्तकात त्यालाच चलन गुणांक म्हटलंय. बरोबर शब्द कोणता, आणि वाक्य कसं लिहायचं?’

दोन्ही शब्द वापरात आहेत आणि दोन्हींचा अर्थ एकच आहे : प्रमाण विचलनाला सरासरीने भागायचं आणि शंभराने गुणून टक्क्यांत सांगायचं. मी स्वतः ‘विचरण गुणांक’ लिहितो, कारण ‘चलन’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या मनात आधी नोटा आणि नाणी येतात. अहवालभर एकच शब्द ठेवा, म्हणजे झालं. फक्त ‘प्रमाण विचलन गुणांक’ हा शब्द चुकून त्याच्या जागी घालू नका. पाठ्यपुस्तकांत तो शंभराने न गुणलेल्या भागाकारासाठी असतो. म्हणजे ०.०७ हा प्रमाण विचलन गुणांक आणि ७ टक्के हा विचरण गुणांक.

सरांनी वाक्य का खोडलं, हे एका छोट्या आकडेवारीवरून स्पष्ट होतं. R नावाच्या संगणकप्रणालीत `women` नावाची सारणी आयती मिळते. अमेरिकेतल्या ३० ते ३९ वर्षं वयाच्या स्त्रियांची उंची आणि वजन तीत आहे. ओळी फक्त १५ असल्यामुळे सगळा हिशेब वहीतही करता येतो. उंची इंचांत आहे : ५८, ५९, ६० असं करत ७२ पर्यंत. वजन पौंडांत आहे : ११५ पासून १६४ पर्यंत.

उंचीची सरासरी ६५ इंच येते. प्रत्येक उंचीतून ६५ वजा करून आलेल्या फरकांच्या वर्गांची बेरीज २८० होते. तिला १४ ने भागलं की २०, आणि त्याचं वर्गमूळ ४.४७ इंच. (१५ ने न भागता १४ ने भागलं, कारण हा नमुना आहे. तुम्ही कोणतीही रीत धरा, पण दोन्ही स्तंभांना तीच लावा.) त्याच रीतीने वजनाची सरासरी १३६.७ पौंड आणि प्रमाण विचलन १५.५ पौंड येतं. तुमच्या रीतीने निष्कर्ष काढायचा तर ४.४७ पेक्षा १५.५ मोठा, म्हणून वजनात फरक जास्त.

आता माणसं तीच ठेवा आणि मापं बदला. इंचाला २.५४ ने गुणलं की उंचीचं प्रमाण विचलन ११.४ सेंटिमीटर होतं. पौंडाचे किलो केले की वजनाचं ७.० किलो होतं. ११.४ हा ७.० पेक्षा मोठा, म्हणून आता उंचीत फरक जास्त! एकाही बाईची उंची किंवा वजन बदललेलं नाही, तरी निष्कर्ष उलटा झाला. सेंटिमीटर आणि किलो यांची लहानमोठी अशी तुलना होतच नाही. तुमच्या वाक्यात जो ‘जास्त’ होता, तो मुलींच्या अंगचा नव्हता, तुम्ही निवडलेल्या एककांचा होता.

भागाकार केला की हे एकक निघून जातं. ४.४७ इंच भागिले ६५ इंच किंवा ११.४ सेंटिमीटर भागिले १६५.१ सेंटिमीटर, उत्तर एकच : ६.९ टक्के. वजनाचा गुणांक पौंडांतही ११.३ टक्के आणि किलोंतही ११.३ टक्के. या दोन आकड्यांची तुलना करता येते. पडताळून पाहायचं असेल तर :

```
100 * sd(women$height) / mean(women$height)
100 * sd(women$weight) / mean(women$weight)
```

एक्सेलमध्ये आकडे B2 ते B16 या घरांत असतील तर :

```
=100*STDEV.S(B2:B16)/AVERAGE(B2:B16)
```

म्हणून वाक्य असं लिहा : ‘सरासरीच्या मानाने पाहता वजनं उंचीपेक्षा अधिक विखुरलेली आहेत, वजनाचा विचरण गुणांक ११.३ टक्के, तर उंचीचा ६.९ टक्के आहे.’ आकडे अर्थातच तुमचे घाला. या वाक्यात ‘सरासरीच्या मानाने’ हे दोन शब्द सगळ्यांत महत्त्वाचे आहेत, ते गाळू नका. ‘वयाच्या मानाने उंच’, ‘किमतीच्या मानाने चांगलं’ असं आपण रोज बोलतो, आणि गुणांक नेमकं तेच करतो. ‘फरक’ हा शब्दही मी इथे टाळतो. फरक दोन गोष्टींमधला असतो, त्यामुळे ‘उंचीत वजनापेक्षा फरक’ वाचताना क्षणभर उंची आणि वजन यांच्यातलाच फरक वाटतो. ‘चढउतार’ म्हटलं की काळाप्रमाणे बदलणारी गोष्ट डोळ्यांपुढे येते, भाव किंवा पाऊस. एका दिवशी एका गटाची घेतलेली मापं ‘विखुरलेली’ असतात. पाठ्यपुस्तकी शब्द हवा असेल तर ‘अपस्करण’ लिहा.

कार्ल पिअर्सन यांनी हा गुणांक १८९६ साली मांडला, तेव्हा त्यांच्यापुढे एककांचा प्रश्न नव्हता. पुरुष जास्त विविध की स्त्रिया, हा त्या काळचा वाद होता. पुरुषांची बहुतेक मापं सरासरीनेच मोठी असतात, त्यामुळे त्यांचं प्रमाण विचलनही आपोआप मोठं येतं आणि नुसतं ते पाहिलं तर पुरुषच अधिक विविध वाटतात. म्हणून पिअर्सन यांनी विचलन सरासरीच्या शेकडेवारीत मोजलं. एकक एकच असतानाही गुणांक कामाचा आहे, हे यावरून लक्षात येईल. मुंग्यांची आणि हत्तींची वजनं दोन्ही ग्रॅममध्ये मोजली, तरी नुसत्या प्रमाण विचलनांची तुलना करून काही कळणार नाही.

मात्र ‘सरासरीच्या मानाने’ म्हणायचं तर ती सरासरी खऱ्या शून्यापासून मोजलेली हवी. उंची शून्य म्हणजे उंचीच नाही आणि वजन शून्य म्हणजे वजनच नाही. तापमानाचं तसं नाही. समजा तीन दिवसांचं तापमान २०, २५ आणि ३० अंश सेल्सिअस आहे. सरासरी २५, प्रमाण विचलन ५, गुणांक २० टक्के. तेच तीन दिवस फॅरनहाइटमध्ये ६८, ७७ आणि ८६ होतात. सरासरी ७७, विचलन ९, गुणांक ११.७ टक्के. केल्विनमध्ये सरासरी २९८.१५ आणि विचलन ५, म्हणून गुणांक १.७ टक्के. हवा तीच आणि गुणांक तीन. सेल्सिअसचं शून्य हे पाणी गोठण्याच्या ठिकाणी माणसांनी ठरवलेलं शून्य आहे, फॅरनहाइटचं आणखी कुठेतरी. इंचाचे सेंटिमीटर करताना नुसता गुणाकार असतो आणि तो वर-खाली कटून जातो. सेल्सिअसचं फॅरनहाइट करताना ३२ मिळवावे लागतात. ते सरासरीत शिरतात, पण विचलनात शिरत नाहीत, आणि भागाकार बिघडतो. तेव्हा ‘तापमान जास्त विखुरलेलं की पाऊस’ अशा प्रश्नाला सेल्सिअसमधला गुणांक वापरून उत्तर देऊ नका. पावसाचा गुणांक द्या, तापमानाचं विचलन अंशांत सांगा आणि तुलना सोडून द्या. नफा-तोट्याचंही असंच आहे : सरासरी शून्याजवळ आली की गुणांक वाटेल तेवढा फुगतो.

तुमच्या विषयाला अगदी लागून असलेली एक गोष्ट मात्र सावकाश पाहायला हवी. एकक गेलं, तरी मोजल्या जाणाऱ्या गोष्टीचं स्वरूप जात नाही. उंची ही लांबी आहे आणि वजन साधारणपणे घनफळाबरोबर जातं. मोसंब्यांचा ढीग घ्या. सरासरी व्यास ७ सेंटिमीटर आहे आणि एक मोसंबं त्याहून ५ टक्क्यांनी मोठं, म्हणजे ७.३५ सेंटिमीटरचं आहे. त्याचं घनफळ १.०५ चा घन, म्हणजे १.१५८ पट होतं, जवळजवळ १६ टक्के जास्त. ५ टक्क्यांनी लहान मोसंब्याचं घनफळ १४ टक्क्यांनी कमी भरतं. म्हणून व्यासाचा गुणांक ५ टक्के असेल तर वजनाचा १५ टक्क्यांच्या आसपास येणारच. इथे ‘मोसंब्यांची वजनं व्यासापेक्षा तिप्पट विखुरलेली आहेत’ असं लिहिलं तर ते खोटं नाही, पण त्यात मोसंब्यांबद्दल नवं काही सांगितलं जात नाही. ती नुसती भूमिती आहे.

माणसाच्या बाबतीत हे गुणोत्तर तीनपेक्षा कमी येतं, कारण उंच माणूस हा बुटक्या माणसाची सगळ्या बाजूंनी मोठी केलेली प्रत नसतो. उंचीच्या प्रमाणात त्याची रुंदी वाढत नाही. प्रौढांचं वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाप्रमाणे वाढतं, हे बेल्जियमचे केतले यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवलं होतं. वजनाला उंचीच्या वर्गाने भागून येणारा आजचा बीएमआय त्यावरूनच आला. वरच्या सारणीत ११.३ भागिले ६.९ म्हणजे सुमारे १.६५ येतं, दोनपेक्षाही थोडं कमी.

आणि त्या सारणीतले ६.९ टक्के हा अमेरिकी स्त्रियांच्या उंचीचा गुणांक म्हणून कुठे उद्धृत करू नका. तिच्यात १५ स्त्रिया नाहीत. दर इंचाला एक ओळ आहे आणि त्या उंचीच्या स्त्रियांचं सरासरी वजन पुढे दिलंय. म्हणजे उंची किती पसरायची, हे सारणी बनवणाऱ्यानेच ५८ ते ७२ निवडून ठरवलं. खऱ्या गटात मधल्या उंचीच्या स्त्रियांची गर्दी असते आणि टोकांना थोड्याच असतात, त्यामुळे प्रौढ स्त्रियांच्या उंचीचा गुणांक साधारण ४ टक्क्यांच्या आसपास येतो. वजनाचं उलट होतं : एकाच उंचीच्या स्त्रियांमध्ये काही सडपातळ, काही स्थूल असतात, आणि सरासरी घेताना ते सगळं विखुरलेपण पुसलं गेलेलं असतं.

तुम्ही एकेका मुलीची मापं घेतली आहेत, म्हणून तुमच्या आकड्यांत उंचीचा गुणांक याहून बराच लहान आणि वजनाचा बहुधा मोठा येईल. वजनाचा गुणांक उंचीच्या गुणांकाच्या दुपटीहून बराच जास्त आला, तर त्याचं कारण उंचीत शोधू नका. जेवढा भाग दुपटीवर जातो, तो बव्हंशी एकाच उंचीच्या मुलींच्या अंगलटीतल्या वेगळेपणाचा असतो, आणि अहवालात त्याबद्दल एक वेगळं वाक्य लिहिण्याजोगं आहे.