छोट्या कारखान्यात हवेच्या गळतीने वर्षाला किती वीज वाया जाते? ती शोधायला अल्ट्रासॉनिक यंत्र घ्यावं का?

यंत्राचं शेवटी बघू. आधी हे सांगतो, कारण याच प्रश्नावरून माझं आणि माझ्या चुलतभावाचं, म्हणजे आमच्या भागीदाराचं, जवळजवळ दोन वर्षं वाजत होतं.

भोसरीत आमचं टर्निंगचं शॉप आहे. ३० एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर, १३० सीएफएम, दोन पाळ्या. शेवटच्या मशीनवर चक नीट धरेना, प्रेशर पडायचं. दादा म्हणाला, हवा कमी पडते, ४० एचपी घेऊ. तोपर्यंत त्याने कॉम्प्रेसर ७ वरून ८ बारवर नेऊन ठेवला. याच्याइतका महागडा उपाय दुसरा नाही. प्रेशर वाढवलं की गळतीही वाढते, एका बारला साधारण १२ टक्के. म्हणजे भोकांनाच जास्त हवा पाजायची, वर कॉम्प्रेसरचं बिल वेगळं. मी म्हटलं, गळती मोज. तो म्हणाला, "हवेचे कसले पैसे मोजतोस?"

शेवटी एका रविवारी मी एकटाच गेलो. प्रेशर परत ७ वर आणलं. सगळ्या मशीन बंद, पण प्रत्येक मशीनचा हवेचा कॉक उघडा. हा कॉक बंद ठेवून टेस्ट केली तर मशीनच्या आतली गळती मोजलीच जात नाही, आणि बरीच गळती तिथेच असते. कॉम्प्रेसर चालू करून मोबाइलवर वेळ लावली. लोड, म्हणजे हवा भरत होता, २६ सेकंद; अनलोड, म्हणजे हवा न भरता नुसता फिरत होता, ५२. दहा वेळा घेऊन सरासरी काढली, तेच आलं. २६ भागिले ७८, म्हणजे एक तृतीयांश. कारखाना बंद, कुणी एअर गनसुद्धा हातात घेतलेली नाही, आणि १३० पैकी ४३ सीएफएम हवा नुसती बाहेर चाललेली.

आता वीज. इथे बहुतेक लोक आकडा फुगवतात. लोडवर आमचा कॉम्प्रेसर २४ किलोवॅट घेतो, अनलोडवर ८. गळती थांबली तरी ते ८ लागतातच, म्हणून वाचतो तो फक्त मधला १६ चा फरक. १६ चा एक तृतीयांश म्हणजे साडेपाचच्या आत-बाहेर. वर्षाला ४८०० तास चालतो, म्हणजे २५ हजारांवर युनिट. आमच्याकडे सगळं धरून युनिट ९ रुपयांना पडतं: सव्वादोन लाखांहून जास्त. (हे किलोवॅट पॅनेलवरच्या मीटरवर बघा. क्लॅम्प मीटरच्या अँपिअरवरून काढू नका, अनलोडला पॉवर फॅक्टर पडतो आणि अँपिअर तुम्हाला फसवतात.)

मग साबणाचं पाणी आणि ब्रश. मोठी भोकं मेन लाइनवर नव्हती. पीयू पाइप पोरांनी हॅक्सॉने तिरके कापलेले, त्यामुळे वन टच फिटिंगमधली रिंग बसतच नव्हती. सरळ कापून परत बसवले, बरेचसे तिथेच थांबले. दोन सिलिंडरचे पिस्टन सील गेलेले. ही गळती साबणाला सापडत नाही, ती सोलेनॉइडच्या सायलेन्सरमधून सतत फुसफुसत असते. आणि सगळ्यात मोठी गळती रिसीव्हरच्या खाली: लाइनमध्ये पाणी येतं म्हणून ऑपरेटरने ड्रेन कॉक किंचित उघडा ठेवलेला. कायमचा. त्याला दोष देत नाही, ऑटो ड्रेन बंद पडून सहा महिने झाले होते आणि बदलायला दादाने नकार दिला होता.

पुढच्या रविवारी परत मोजलं. लोड १९, अनलोड १७३. दहा टक्के. त्याखाली नेण्याच्या मागे मी लागलो नाही, पण दर तीन महिन्यांनी मोजतो, कारण फिटिंग परत सैल होतातच.

दादाचं एक बरोबर निघालं. शेवटच्या मशीनला जाणारा पाइप पाऊण इंची होता, गळती कमी होऊनही तिथे प्रेशर थोडं पडतच होतं. तो सव्वा इंची केला. पण त्याला ४० एचपी लागत नाही.

तुमचा कॉम्प्रेसर व्हीएफडीचा असेल तर ही लोड-अनलोडची रीत चालणार नाही. रिसीव्हर भरा, कॉम्प्रेसर बंद करा आणि प्रेशर पडायला किती वेळ लागतो ते घ्या.

यंत्र: एका शेडसाठी विकत घेऊ नका. रविवारी कान पुरतो. पाइप फारच उंचावर असतील तर एक दिवस भाड्याने आणा.

ते ४० एचपीचं कोटेशन दादाच्या टेबलाच्या काचेखाली अजून आहे.