‘जोखीम-तटस्थ संभाव्यता’मध्ये तटस्थ कोण?

प्रश्न: मी रत्नागिरीत एम.कॉम. करतोय. झीरो-कूपन बाँडची किंमत बायनॉमिअल लॅटिसवर, म्हणजे दर वर्षी व्याजदराला दोन फाटे फुटणाऱ्या जाळीवर, काढताना ‘जोखीम-तटस्थ संभाव्यता’ वापरतात. व्याजदर वाढण्याची ती खरी शक्यता नव्हे, असं सर म्हणाले. मग तिला संभाव्यता का म्हणायचं? आणि तटस्थ कोण?

उत्तर: तटस्थ असतो तो एक कल्पित गुंतवणूकदार. विशेषण त्याचं आहे, ते संभाव्यतेला जोडलं गेलंय. जोखमीचा वेगळा मोबदला न मागणाऱ्या माणसाने बाजारातलीच किंमत दिली असती, तर त्याने जी संभाव्यता धरली असती, ती ही.

तुमच्याकडे आंब्याची बाग मोहोरावरच व्यापाऱ्याला देतात. पिकाची सरासरी अपेक्षा धरून जो आकडा येईल तेवढा व्यापारी देत नाही. अवकाळी पाऊस, तुडतुडे यांची जोखीम तो अंगावर घेतो, म्हणून थोडं कमी देतो. आता ही जोखीम-कपात झालीच नाही असं समजून, ठरलेल्या आकड्यावरून पीक बुडण्याची शक्यता उलट काढली, तर ती खऱ्यापेक्षा जास्त येईल. कपात शक्यतेच्या आकड्यात शिरते.

आता बाँड. तीन वर्षांनी १०० रुपये देणारा, मधे व्याज नाही. आजचा एक वर्षाचा दर ६ टक्के. पुढच्या वर्षी तो ७ किंवा ५ होईल, त्यापुढच्या वर्षी ८, ६ किंवा ४. प्रत्येक फाट्यावर जोखीम-तटस्थ संभाव्यता १/२ धरू. हिशेब शेवटाकडून करायचा. फाटे जिथे मिळतात त्या जागा म्हणजे गाठी. दुसऱ्या वर्षाअखेरीच्या तीन गाठींवर १०० ला अनुक्रमे १.०८, १.०६ आणि १.०४ ने भागलं की ९२.५९, ९४.३४ आणि ९६.१५ मिळतात. पहिल्या वर्षाअखेरीस दर ७ असेल, तर यातल्या पहिल्या दोन आकड्यांची सरासरी भागिले १.०७, म्हणजे ८७.३५. दर ५ असेल, तर शेवटच्या दोन आकड्यांची सरासरी भागिले १.०५, म्हणजे ९०.७१. या दोघांची सरासरी भागिले १.०६ केली की आजची किंमत ८३.९९.

समजा बाजारातही किंमत ८३.९९ आहे, पण दर वाढण्याची खरी शक्यता लोकांच्या मते ०.४ आहे. मग वर्षाअखेरीस बाँडची अपेक्षित किंमत ०.४ × ८७.३५ + ०.६ × ९०.७१, म्हणजे ८९.३७ होते. ८३.९९ वर हा ६.४ टक्के परतावा झाला. ६ च्या वरचा ०.४ टक्का हा जोखमीचा मोबदला. दर वाढण्याची संभाव्यता ०.४ च्या ऐवजी ०.५ धरली की तो मोबदला संभाव्यतेत जिरतो, आणि १.०६ नेच भागून बरोबर किंमत येते. संभाव्यता ०.४ धरून १.०६ ने भागलं असतं तर ८४.३१ आले असते, बाजारापेक्षा ३२ पैसे महाग.

तरी तिला संभाव्यता म्हणणं मला योग्य वाटतं, कारण ती ० आणि १ च्या मधेच राहायला हवी. इथे हाच बाँड ८७.३५ भागिले १.०६, म्हणजे ८२.४१ च्या खाली मिळत असता, तर ६ टक्क्यांनी पैसे उचलून तो घेणाऱ्याला दर वाढला तरी फायदाच झाला असता. ९०.७१ वरून येणाऱ्या ८५.५८ च्या वर असता, तर उलटा व्यवहार करून तोच फायदा. असा फुकटचा नफा नसेल तर किंमत या दोन आकड्यांच्या मधे पडते, आणि तेव्हाच वजनं धन राहतात व त्यांची बेरीज १ भरते.

हे १/२ आलं कुठून? शेअरच्या लॅटिसमध्ये शेअरचीच किंमत संभाव्यता ठरवून देते. व्याजदर हा मात्र विकत घेता येणारा माल नाही, त्यामुळे नुसत्या दरांच्या लॅटिसवरून ती ठरत नाही. म्हणून बरेचदा १/२ धरून, बाजारातल्या बाँडच्या किमती बरोबर येतील असे गाठींवरचे दर बसवतात. १९८६ चं हो-ली आणि १९९० चं ब्लॅक-डर्मन-टॉय ही मॉडेल्स याच वाटेची. तेव्हा ‘दर वाढण्याची शक्यता ५० टक्के आहे’ हे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहू नका.

हिशेबात घसरायला होतं ते बहुतेक दराच्या जागेवरून. गाठीवरचा दर तिथून *पुढे* सुरू होणाऱ्या वर्षाचा असतो. ते तपासायला त्याच लॅटिसवर एक वर्षाचा बाँड काढा. ९४.३४ न येता दुसरं काही आलं, तर तुम्ही एक रकाना सरकला आहात. दुसरी चूक सरासरीची. सगळीकडे सरासरी ६ टक्के धरला तर तीन वर्षांच्या बाँडचे ८३.९६ येतात. फरक ३ पैशांचाच, म्हणून ही चूक नजरेतून सुटते.

‘जोखीममुक्त’ हा शब्द मात्र वेगळा ठेवा. तो दराचं विशेषण आहे, इथे ६ टक्क्यांचं. परीक्षेत या दोन शब्दांची अदलाबदल झाली की पुढचं बरोबर गणितही चुकीच्या गोष्टीबद्दल बोलू लागतं.