फोटो उडवून रॅम रिकामी होत नाही

प्रश्न: माझ्या फोनचं निम्मं स्टोरेज रिकामं आहे, तरी दुसरं अ‍ॅप उघडून परत आलं की पहिलं नव्याने सुरू होतं. रॅम जास्त असली तर हे थांबेल का?

बहुतेक वेळा थांबेल. मात्र कोणी फोटो डिलीट करायला सांगितलं तर ऐकू नका. आमच्या भाऊजींचं ऐकून ताईने भाचीच्या बारशाचे फोटो घालवलेत.

ताईचा फोन ३ जीबी रॅमचा. ब्राउझरमध्ये भाचीच्या प्रवेशाचा फॉर्म जवळजवळ भरून झाला होता. मार्कशीटचा फोटो हवा म्हणून तिने कॅमेरा उघडला. परत आली तर फॉर्म कोरा! पुन्हा भरला, पुन्हा तेच. भाऊजी म्हणाले, "मेमरी भरलीय, फोटो उडव." फोटो उडवले, फॉर्म कोराच.

होणारच. फोटो असतात स्टोरेजमध्ये, फोन बंद केला तरी ते तिथेच राहतात. फॉर्ममध्ये टाइप केलेली अक्षरं पाठवेपर्यंत फक्त रॅममध्ये असतात, चालू अ‍ॅपचा सगळा पसारा असतो तिथेच. ३ जीबीतला बराच भाग अँड्रॉइड स्वतःच खातं. कॅमेऱ्याला एकदम भरपूर रॅम लागते. मग अँड्रॉइड आधी मागच्या अ‍ॅपचा डेटा दाबून लहान करून बघतं, तेवढ्याने भागलं नाही तर पडद्यावर नसलेलं एखादं अ‍ॅप सरळ मारून टाकतं. ताईचा ब्राउझर तसाच गेला. ८ जीबी असती तर दोन्ही सुखाने राहिले असते.

"पण रिसेंटमध्ये ब्राउझर दिसतोय की," हा भाऊजींचा पुढचा मुद्दा. तिथे दिसतं ते शेवटच्या पडद्याचं चित्र. अ‍ॅप जिवंत आहे का, हे त्यावर टॅप केल्यावरच कळतं. होतात तिथेच लगेच पोचलात तर ते रॅममध्ये होतं. आधी लोगो आला आणि पहिल्या पानावर पडलात, तर मारलं गेलं होतं.

भाऊजी दर तासाला सगळी अ‍ॅप्स स्वाइप करून बंद करतात, तेही बिनकामाचं. पुढच्या वेळी तीच अ‍ॅप्स स्टोरेजमधून नव्याने उचलावी लागतात, वेळही जातो आणि बॅटरीही. ताईला मी मार्कशीटचा फोटो आधी काढून मग फॉर्म उघडायला सांगितलं. या वेळी फॉर्म नीट भरून पाठवला गेला.

नवा फोन घेणार असाल तर ८ जीबी घ्या. जाहिरातीतली 'व्हर्च्युअल रॅम' त्यात मोजू नका, ती स्टोरेजमधूनच उसनी घेतलेली आणि खऱ्या रॅमपेक्षा खूपच मंद असते. हो, काही फोन रॅम शिल्लक असतानाही बॅटरी वाचवायला मागची अ‍ॅप्स बंद करतात. तसं असेल तर आधी त्या अ‍ॅपचं बॅटरी सेटिंग बघा, रॅम वाढवून फरक पडणार नाही. आणि स्टोरेज अगदी काठोकाठ भरलं तर फोन खरंच रखडतो. ताईचं भरलेलं नव्हतं, हे भाऊजी आजही मानत नाहीत.