16व्या वर्षीचं बाळंतपण आणि 3 इंचांचा फरक

‘मावशी, मी सातपूरला राहते, वय 27. मला पाळी साडेतेराव्या वर्षी आली, पंधराव्या वर्षी लग्न झालं आणि सोळाव्या वर्षी मुलगी झाली. माझी उंची 4 फूट 10 इंच. धाकट्या बहिणीचं लग्न 22व्या वर्षी झालं, ती 5 फूट 1 इंच आहे. लवकर दिवस गेल्यामुळे मी बुटकी राहिले का? आता दिंडोरीला नणंदेच्या 13 वर्षांच्या मुलीसाठी स्थळं बघताहेत. तिला पाळी नुकतीच आलीय.’

बाळा, थोडी उंची गेली असेल, पण 3 इंच नाही.

मुली सगळ्यात झपाट्याने वाढतात त्या पाळी येण्याआधी. पाळीनंतर साधारण 5 ते 7 सेंटिमीटर वाढ उरते, त्यातली बरीचशी पहिल्या वर्ष-दीड वर्षात होऊन जाते. तुला दिवस राहिले तेव्हा पाळी येऊन दीड वर्ष उलटलं होतं. म्हणजे तुझे एक-दोन सेंटिमीटर राहिले असतील. लहानपणी खाण्यापिण्याची आबाळ झालेल्या मुलींची वाढ सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत रेंगाळते, तसं असेल तर थोडे जास्त. उरलेला फरक सख्ख्या बहिणींमध्येही सहज दिसतो.

हाडांच्या टोकाशी मऊ कूर्चेची पट्टी असते, तिथे हाड लांबतं. इस्ट्रोजेनमुळे ती पट्टी हळूहळू बंद होते, आणि गरोदरपणात हे संप्रेरक कितीतरी पटींनी वाढतं. वर अन्न दोघांत वाटलं जातं. बांगलादेशातल्या खेड्यांमध्ये किशोरवयीन मुलींची उंची मोजून पाहिली, तेव्हा गरोदर मुलींची वाढ थांबलेली आणि बाकीच्यांची हळूहळू चालू असलेली दिसली. पण नुसत्या उभ्या मोजमापावर भिस्त ठेवता येत नाही, कारण गरोदरपणात कणा दाबला जातो. अमेरिकेत म्हणून गुडघ्यापासून टाचेपर्यंतची लांबी मोजली, तर काही मुली गरोदरपणातही वाढतच होत्या. त्यांनी स्वतः वजन जास्त कमावलं, तरी बाळं हलकी निघाली. वाढणारी आई आणि बाळ एकाच ताटातलं खातात.

म्हणूनच मला खरी काळजी आहे ती तुझ्या भाचीची. तिची पाळीनंतरची जवळजवळ सगळी वाढ अजून बाकी आहे, म्हणजे तिचं नुकसान तुझ्याहून बरंच जास्त होईल. शिवाय कटीची हाडं उंची थांबल्यावरही काही वर्षं रुंदावत राहतात. ती अरुंद असताना बाळंतपण आलं, तर बाळ अडतं. उंचीपेक्षा ही भीती मोठी.

नणंदेला हे समजावून सांग. मोजपट्टी लावून भाचीची उंची दर 3 महिन्यांनी भिंतीवर खूण करून लिहायला लाव, ती वाढताना दिसली की आईलाही पटेल. तरी ऐकलं नाहीच, तर 18 वर्षांखालचं लग्न हा गुन्हा आहे. 1098 या मुलांच्या मदत क्रमांकावर फोन कर.